पासष्ट आणि अडुसष्टच्या मध्ये

मे महिन्यात घरोघरी सरबताच्या बाटल्या भरल्या जातात. जुलै उजाडेपर्यंत त्यांच्या दोनच तक्रारी ऐकू येतात. एका घरी बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखा थर बसलेला असतो आणि चमचा घातला तर कर्रकन वाजतो. दुसऱ्या घरी बूच फिरवताच फुस्स आवाज होतो, वर पांढुरका फेस येतो आणि वासाला काहीतरी ताडीसारखे जाणवते. पहिली म्हणते, साखर जास्त झाली. दुसरी म्हणते, लिंबेच खराब निघाली. पहिलीचे बरेचसे बरोबर आहे. दुसरीचे मात्र चूक आहे, कारण तिच्या बाटलीत साखर कमी पडली होती. दोन्ही बाटल्या एकाच मोजमापाच्या दोन टोकांना घसरल्या, आणि या दोन टोकांमधली जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा फार अरुंद आहे.

साखर सरबत टिकवते ती विष म्हणून नव्हे. ती पाण्याला धरून ठेवते. पाकात पाणी दिसायला भरपूर असले तरी त्यातले बरेचसे साखरेशी बांधलेले असते आणि जंतूंच्या वाट्याला फार थोडे येते. उलट दाट पाकात पडलेल्या जंतूच्या पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाते. आंबवणारे यीस्ट या कामात सगळ्यात चिवट असते. फळाच्या सालीवर, स्वयंपाकघराच्या हवेत, धुतलेल्या पण न सुकलेल्या बाटलीत ते असतेच. साध्या यीस्टला शंभर ग्रॅम पाकात साठ ग्रॅम साखर असेल तरी सवडीने वाढता येते. पासष्ट ग्रॅमच्या आसपास मात्र बहुतेक यीस्ट थबकते. म्हणूनच आपल्याकडच्या अन्नप्रक्रियेच्या नियमांत, पूर्वीच्या १९५५ च्या फळ उत्पादन आदेशापासून, 'सिरप' म्हणून विकायच्या फळांच्या सरबतात विरघळलेले घटक किमान ६५ टक्के हवेत असा दंडक आहे. या घटकांत जवळजवळ सगळी साखरच असते. स्क्वॅशला हीच अट फक्त ४० टक्क्यांची आहे. तो टिकतो ते साखरेच्या नव्हे, परिरक्षकाच्या जोरावर. घरी पातळ सरबत करून, बाजारची बाटली टिकते मग माझी का नाही, असे विचारण्यात काही अर्थ नसतो तो याचमुळे.

आता दुसरे टोक. पाण्यात साखर किती विरघळेल हे तापमानावर ठरते. वीस अंशांना शंभर ग्रॅम पाकात सुमारे ६७ ग्रॅम साखर मावते, तीस अंशांना ६८ च्या थोडी वर, आणि शून्याजवळ जेमतेम ६४. उकळत्या पाकात तर ८० च्या पुढेही सहज मावते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. शेगडीवर पाक काचेसारखा स्वच्छ दिसतो, गार झाला तरी काही दिवस तसाच राहतो, आणि मग एके दिवशी जास्तीची साखर खाली उतरू लागते. खाली ६५ ची भिंत, वर ६८ ची. सरबत टिकवायचे ते या दोन-तीन टक्क्यांच्या बोळातून.

आपल्या पाककृती हा बोळ गाठायला तार बघायला सांगतात. एकतारी पाक झाला की उतरवा, गार झाला की लिंबाचा रस घाला. तार ही उत्तम कसोटी आहे, पण ती दाटपणा सांगते, साखरेचा नेमका हिशेब नाही. एकतारी पाक सत्तरीच्या पुढे गेलेला असतो. नुसता बाटलीत भरून ठेवला तर तो दाणे धरणारच. पण तो नुसता ठेवायचा नसतोच, त्यात रस पडणार असतो. लिंबाच्या रसात दहातले नऊ भाग पाणीच असते, आणि ते पाणी पाकाला पुन्हा खाली आणते. एकतारीचा दंडक घालून देणाऱ्या बायकांनी रसातल्या पाण्यासाठी जागा राखली होती. बिघडते ते पुढे. कुणी एकतारीऐवजी 'साखर विरघळली की पुरे' म्हणते, कुणी रस हात सैल सोडून ओतते, आणि रसाचे पाणी हिशेबात कुणीच धरत नाही.

एक अगदी नेहमीचे प्रमाण घेऊ. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, एक उकळी, आणि गार झाल्यावर पाव लिटर लिंबाचा रस. साखर हजार ग्रॅम आणि रसातले विरघळलेले घटक वीस-बावीस ग्रॅम. एकूण वजन मात्र साडेसतराशेच्या घरात. भागाकार केला तर ५८ टक्के येतात. उकळताना थोडे पाणी उडाले असे धरले तरी ६०. हे सरबत आठवडाभर छान लागेल, आणि मग कडक उन्हाळ्यात फसफसेल. लिंबांना दोष देण्याचे कारण नाही.

यावर उपाय तारेपेक्षा सोपा आहे आणि तो बहुतेक स्वयंपाकघरांत पडूनच असतो: वजनकाटा. साखर उकळताना उडून जात नाही, उडते ते पाणी. म्हणजे पातेल्यात साखर किती घातली हे माहीत असेल आणि शेवटी एकूण वजन किती भरले हे कळले, तर टक्केवारी शाळेतल्या भागाकाराने निघते. एक किलो साखरेच्या नुसत्या पाकाचे वजन १,५४० ग्रॅम भरले तर तो ६५ टक्क्यांचा, १,४७० भरले तर ६८ चा. मधे फक्त सत्तर ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धी वाटीसुद्धा नाही. एवढा फरक नजरेने किंवा बोटाने ओळखणे मुरलेल्या हलवायालाच जमावे.

तर लिंबाचे सरबत या हिशेबाने करून बघू. शेवटी ६६ टक्के गाठायचे आहेत. एक किलो साखर आणि पाव किलो गाळलेला रस, म्हणजे मध्यम आकाराची पंधराएक रसदार कागदी लिंबे. दोन्ही मिळून विरघळलेले घटक १,०२२ ग्रॅम. ६६ टक्क्यांसाठी एकूण वजन साधारण १,५५० ग्रॅम हवे. त्यातून रसाचे २५० वजा केले की पाकाचे वजन उरते १,३००. रस घालण्याआधी पाक तेराशे ग्रॅमवर आणायचा, की काम झाले.

जाड बुडाचे स्टीलचे पातेले रिकामे असताना तोलून तो आकडा कागदावर लिहून ठेवायचा. समजा ९०० ग्रॅम भरले. त्यात एक किलो साखर आणि साडेचारशे मिलिलिटर पाणी घालून मंद आचेवर ढवळायचे. घाई इथे महागात पडते. उकळी फुटण्याआधी शेवटचा दाणासुद्धा विरघळायला हवा, कारण एक न विरघळलेला दाणा पुढे हजार दाण्यांचे बी ठरतो. पाक खदखदताना उडालेले थेंब पातेल्याच्या कडेला सुकतात आणि तिथे साखरेची बारीक पूड धरते. ओल्या फडक्याने ती कड पुसून घ्यायची आणि उकळी आल्यावर ढवळणे थांबवायचे. साखर मळकी असेल तर चमचाभर दूध घालावे. मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढली की पाक निखळ होतो.

उकळी येताच एक ग्रॅमभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे चहाचा पाव चमचा, तेही शीग नाही, घालायचे आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. ही चिमूट आंबटपणासाठी नाही. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आंबट आणि उष्णता एकत्र आली की यातल्या काही जोड्या सुटतात. सुटलेली ग्लुकोज-फ्रुक्टोज उरलेल्या साखरेच्या कणांत मिसळते आणि त्यांना एकसारख्या रांगा लावू देत नाही. रांगा लागल्याशिवाय दाणा धरत नाही. असा पाक थोडा जास्त दाट झाला तरी निवळ राहतो. पण उत्साहाने चमचाभर ॲसिड घालून तासभर उकळले तर जोड्या फारच सुटतात आणि ग्लुकोजच दाणा धरू लागते. थंडीत मध थिजतो तसा मऊ, पांढुरका साका बाटलीत बसतो. शिवाय पाक पिवळा पडतो आणि चवीला जळकट लागतो. पंधरा मिनिटे पुरेत.

मग पातेले काट्यावर ठेवायचे. काट्यावर जाड लाकडी पाट असू द्यावा, नाहीतर काटा तापून भलतेच आकडे दाखवील. पातेल्याचे ९०० आणि पाकाचे १,३०० मिळून २,२०० दिसायला हवेत. जास्त दिसले तर पुन्हा आचेवर. कमी दिसले, म्हणजे पाक जास्त आटला, तर जितके ग्रॅम कमी तितके उकळते पाणी घालायचे. हा पाक ७७ टक्क्यांचा आहे, म्हणजे एकतारीच्याही पुढचा. म्हणून तो पूर्ण गार होण्याची वाट बघत बसायचे नाही. रात्रभर तसाच झाकून ठेवला तर सकाळी वर पापुद्रा दिसतो. बोट सोसवेल इतका कोमट झाला की लगेच गाळलेला रस आणि चवीपुरते मीठ घालून हलक्या हाताने एकजीव करायचे. रस उकळत्या पाकात पडला तर लिंबाचा ताजेपणा उडतो, आणि पाक फार गार झाला तर रस एकजीव व्हायला वेळ लागतो. लिंबे पिळताना साल आणि बिया चिरडू देऊ नयेत. तो कडवटपणा पहिल्या दिवशी जाणवत नाही, नंतर वर येतो.

हे सरबत सव्वा लिटरला थोडे कमी भरते. एका पेल्याला तीन टेबलचमचे घेतले तर पंचवीस पेले सहज होतात. कुणाला ते आंबटाला कमी वाटेल. जास्त आंबट हवे म्हणून पाव किलोऐवजी अर्धा किलो रस घ्यायचा ठरवला, तर पाक इतका आटवावा लागेल की तो पाक राहणारच नाही, गोळीबंद होईल. तिथे पाण्याला पूर्ण रजा द्यायची. अर्धा किलो गाळलेल्या रसात ८४० ग्रॅम साखर घालून पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवायचे आणि सगळी साखर विरघळेपर्यंत सावकाश ढवळत राहायचे. पाणी एक थेंब नाही, उकळी नाही, आणि हिशेब बरोबर ६६ वर. हात दुखतो खरा, पण माझ्या मते लिंबाचे सगळ्यात चांगले सरबत हेच. याला आच लागलेली नसते, म्हणून ते पुढे म्हटल्याप्रमाणे परिरक्षक घालून तरी ठेवावे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावे.

ज्यांना तापमापक वापरायचा आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. पुस्तकांत पाकाचे तापमान समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेले असते. ६५ टक्क्यांचा पाक साध्या पाण्यापेक्षा सुमारे चार अंश वर उकळतो. मुंबईत ते १०४ होतील. पुण्यात पाणीच ९८ च्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला ९६ च्याही खाली. तिथे १०४ ची वाट बघणारा पाक भलताच घट्ट करून बसेल. आधी त्याच तापमापकाने साध्या उकळत्या पाण्याचे तापमान बघावे आणि त्यावर चार अंश मोजावेत. मोठ्या प्रमाणावर सरबत करून विकणारे रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरले की टक्के वाचता येतात. मात्र थेंब गार झालेला हवा, नाहीतर आकडा फसवतो.

प्रमाण अगदी बरोबर साधूनही बाटली बिघडते ती बहुतेकदा बुचापाशी. गरम सरबत भरून लगेच झाकण लावले की आतली वाफ झाकणाला आणि गळ्याला थेंबाथेंबाने धरते. ते थेंब हळूहळू ओघळतात आणि पाकाच्या वर एक पातळ थर तयार होतो. खाली ६६ टक्के असतात, वरच्या नखभर थरात चाळीससुद्धा नसतात. आंबायला सुरुवात तिथेच होते, बुरशीचा पहिला पांढरा ठिपकाही तिथेच दिसतो. उपाय साधा आहे. सरबत सोसवेल इतके कोमट असताना, किंवा गार झाल्यावर, बाटली गळ्यापर्यंत भरावी. दुसऱ्या दिवशी बाटली उलटसुलट करून वरचे पाणी पुन्हा मिसळून घ्यावे आणि पहिल्या आठवड्यात हे दोन-तीनदा करावे. नुसता रसविरहित पाक ठेवायचा असेल तर तो कढतच भरून, झाकण लावून बाटली पाच मिनिटे उलटी धरावी. कढत पाकाने झाकणही निर्जंतुक होते. काचेची बाटली आधी गरम पाण्यात तापवलेली आणि पूर्ण कोरडी असावी, नाहीतर तडकेल. ओला चमचा बाटलीत जाऊ देऊ नये, हे लोणच्याच्या बरणीला लागू असते तसेच इथेही. सरबत पेल्यात ओतून घ्यावे, चमच्याने काढू नये.

फ्रीजबद्दल एक गैरसमज पक्का आहे: फ्रीजमध्ये ठेवले की सरबत बिनधोक. आंबण्याच्या दृष्टीने हे खरे आहे. पण फ्रीजच्या पाच अंशांना पाकात ६५ च्या खालीच साखर मावते. बाहेर महिनोन्‌महिने निवळ राहणारा ६८ टक्क्यांचा पाक फ्रीजमध्ये आठवड्याभरात तळाला खडे टाकू शकतो. तेच डिसेंबरात घडते. मे महिन्यात ३५ अंशांच्या उकाड्यात ६९ टक्क्यांचे केलेले सरबत नाशिकच्या थंडीत दाणे धरते, आणि घरच्यांना वाटते की 'जुने झाले'. थोडक्यात, फ्रीजसाठीचे सरबत ६० ते ६३ टक्क्यांचे करावे आणि बाहेर ठेवायचे ६६ चे. दोन्हीला एकच पाक चालत नाही.

परिरक्षक घालावे की नाही, हा मुद्दा आपल्याकडे 'केमिकल' या एका शब्दावर संपतो. ६६ टक्के, भरपूर आंबट आणि स्वच्छ बाटली असेल तर दोन-तीन महिन्यांच्या घरगुती वापराला त्याची गरज पडू नये. वर्षभर ठेवायचे असेल, सरबत पातळ हवे असेल किंवा विकायचे असेल तर मात्र घालावे. लिंबू, आले, कैरी अशा फिक्या सरबतांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे बाजारातले केएमएस, लागते. लिंबाचे सरबत काही महिन्यांत तपकिरी पडते तेही ते थोपवते. असा तपकिरीपणा म्हणजे नासणे नव्हे, पण बघायला बरे वाटत नाही. कोकम, जांभूळ, स्ट्रॉबेरी अशा लाल-जांभळ्या सरबतांत मात्र केएमएस चालत नाही, कारण त्यातला गंधकाचा वायू रंग उडवतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात, आणि ते सरबत आंबट असेल तरच काम करते. प्रमाण अत्यल्प आहे: एक किलो तयार सरबताला केएमएस सुमारे ०.६ ग्रॅम किंवा बेंझोएट सुमारे ०.७ ग्रॅम. घरचा काटा इतके बारीक तोलू शकत नाही. म्हणून सहा ग्रॅम केएमएस शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे आणि त्यातले दहा मिलिलिटर एका किलोला घालायचे. उरलेले पाणी ओतून द्यायचे, पुढच्या वेळी ते कामाचे नसते. अंदाजाने चिमूट टाकली तर ती सहज तिप्पट पडते, आणि सरबताला काडेपेटीच्या गुलासारखा वास येतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर केएमएस नकोच, गंधकाचा वायू त्याला त्रास देऊ शकतो.

या सगळ्या हिशेबात कोकम वेगळे उभे राहते, कारण त्याला आचच लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात एप्रिल-मेमध्ये पिकलेली लाल रातांबे उतरवली की धुऊन, पुसून, अर्धी कापतात, बिया काढतात आणि प्रत्येक वाटीत साखर भरून बरणीत एकावर एक रचतात. वर मलमलचे फडके बांधतात. दोन दिवसांत साखरेने सालीतला रस ओढून घेतलेला असतो आणि बरणीत लालजर्द अमृत कोकम साचू लागते. आठवड्याभरात ते गाळायला तयार होते. मग मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

इथला हिशेब सालीच्या पाण्यावर चालतो. पिकलेल्या रातांब्याच्या सालीत सुमारे ८० टक्के पाणी असते. एक किलो सालीला एक किलो साखर घातली तर सगळे मिसळल्यावर ६० टक्के पडतात, म्हणजे आंबण्याच्या हद्दीत. दीड किलोला ६८ टक्के, आणि दोन किलोला ७३. जुन्या घरांत दुप्पट साखर घालतात ती गोडाच्या हव्यासाने नव्हे. पण ७३ टक्क्यांचा पाक दाणे का धरत नाही? कारण कोकम इतके जहाल आंबट असते की ते साखरेच्या जोड्या थंडपणीच सोडवते. लिंबाच्या पाकात आपण जे काम आच आणि चिमूटभर ॲसिड यांच्याकडून पंधरा मिनिटांत करून घेतले, तेच काम कोकम बरणीत बसून काही आठवड्यांत करते. म्हणून बरणीच्या तळाशी सुरुवातीला उरलेली साखर पुढे आपोआप विरघळते. आठव्या दिवशी गाळताना ती फेकून द्यायची नाही, गाळलेल्या सरबतातच ढकलायची.

कोकमाला धोका असतो तो पहिल्या तीन दिवसांत. साखर जड, ती तळाला जाते. वर सालीचा जवळजवळ बिनसाखरेचा रस तरंगत राहतो आणि तिथे यीस्टला मोकळे रान मिळते. रोज सकाळ-संध्याकाळ कोरड्या लाकडी डावाने तळापासून वर हलवणे हाच त्यावरचा इलाज. साली वर तरंगू लागल्या तर त्यांच्यावर स्वच्छ काचेची बशी उपडी ठेवून त्या पाकात बुडालेल्या राहतील असे बघावे. पहिला वळीव पडून गेल्यावर उतरवलेली रातांबे नुसत्या पाण्यानेच फुगलेली असतात. अशा सालींना दीडपट साखर पुरत नाही, दुप्पटच लागते, आणि बरेच जण तर ती सरबताला न घेता आगळाला, म्हणजे मिठातल्या रसाला, वापरतात.

बिघडलेल्या बाटलीचे काय करायचे, ते दोन तक्रारींपैकी कोणती आहे यावर ठरते. दाणे धरलेली बाटली वाया गेलेली नसते. वरचे सरबत खालच्या खड्यांना आपली साखर देऊन बसते आणि पातळ होते, म्हणून नुसते वरचे ओतून घेऊ नये, ते लवकर आंबेल. बाटली झाकण सैल करून कोमट पाण्यात ठेवावी आणि खडे पूर्ण विरघळेपर्यंत पाणी हळूहळू गरम करत न्यावे. लिटरमागे दोन-तीन टेबलचमचे उकळलेले पाणी घालून पुन्हा एकजीव करावे. खड्याचा एक कणही मागे राहिला तर महिन्याभरात तो पुन्हा सगळे जमवून बसेल.

फसफसलेल्या बाटलीला मात्र उपाय नाही. उकळून यीस्ट मरते, पण आंबलेली चव जात नाही आणि साखरही आधीच खाल्लेली असते. आंबायला नुकतीच सुरुवात असेल तर ती ओळखण्याच्या खुणा आधी दिसतात. काचेच्या आतल्या कडेने मोहरीहून बारीक बुडबुड्यांची साखळी वर चढताना दिसते, झाकण मधोमध किंचित फुगते, आणि निवळ सरबत गढूळ होते. झाकण घट्ट लावलेली काचेची बाटली अशा अवस्थेत उन्हात किंवा शेगडीजवळ राहिली तर फुटू शकते. ती सिंकमध्ये नेऊन, जाड फडक्यात गुंडाळून, झाकण थोडे थोडे सैल करत उघडावी. ओतून दिल्यावर बाटली नुसती विसळून पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. साबणाने घासून, पाण्यात दहा मिनिटे उकळून, उन्हात उपडी घालून पूर्ण वाळवावी, आणि झाकणातली प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची चकती काढून नवी बसवावी. आदल्या वर्षीचे यीस्ट त्या चकतीखाली लपलेले असू शकते.